फोनमधून थेट प्रिंट: वाय-फाय प्रिंटर आहे, वेगळं ॲप नको

नव्या प्रिंटरचा खोका उघडला की सगळ्यात वर एक कागद असतो आणि त्यावर क्यूआर कोड. स्कॅन करा, कंपनीचं ॲप उतरवा, खातं उघडा, ई-मेल पडताळा, लोकेशनची परवानगी द्या. इतकं झाल्यावर वीजबिलाचं एक पान निघतं. बहुतेकांचा असा समज होतो की ते ॲप काढून टाकलं तर प्रिंटर मुका होईल. तसं नसतं. ते ॲप दोन वेगळी कामं करतं. एक म्हणजे प्रिंटरला तुमच्या घरच्या वाय-फायचा पासवर्ड सांगणं, जे एकदाच लागतं आणि ॲपशिवायही जमतं. दुसरं म्हणजे फोनमधली फाइल प्रिंटरकडे पाठवणं. हे दुसरं काम तुमचा फोन मुळातच करू शकतो, आणि बराच काळ करतोय.

आयफोनमध्ये ही सोय २०१० च्या नोव्हेंबरपासून आहे, तिचं नाव एअरप्रिंट. अँड्रॉइडमध्ये छपाईची चौकट २०१३ साली आली, आणि २०१७ च्या अँड्रॉइड ८ पासून Default Print Service नावाची सेवा फोनबरोबरच येते. ती मोप्रिया या पद्धतीने प्रिंटरशी बोलते. दोन्हींच्या मुळाशी इंटरनेटचीच एक छपाईची भाषा आहे, आयपीपी. त्यामुळे अलीकडचा बराचसा वाय-फाय प्रिंटर दोघांनाही ओळखतो.

‘बराचसा’ म्हटलं, ‘प्रत्येक’ नाही. खोक्यावर नुसतं ‘वाय-फाय’ लिहिलेलं असणं पुरेसं नसतं. इंकटँकची काही स्वस्त मॉडेल्स वाय-फायवर येतात खरी, पण फक्त आपल्या कंपनीच्या ॲपशी बोलतात. खोक्यावर किंवा कंपनीच्या संकेतस्थळावर त्या मॉडेलच्या माहितीत AirPrint किंवा Mopria हा शब्द शोधा. आयफोन असेल तर AirPrint हवंच. अँड्रॉइडला Mopria असलं तर उत्तम, आणि नुसतं AirPrint लिहिलेला प्रिंटरही बहुधा चालून जातो. दोन्ही शब्द कुठेच नसतील तर या लेखातली मेहनत वाया जाईल, ॲपच घ्या. आणि प्रिंटर अजून विकत घ्यायचा असेल तर दुकानदाराला ‘वाय-फाय आहे का’ असं न विचारता ‘एअरप्रिंट आहे का’ असं विचारा.

## आधी प्रिंटरला घरच्या वाय-फायवर आणा

प्रिंटरला छोटा का होईना पडदा असेल तर काम सोपं. त्यावरच्या नेटवर्कच्या मेनूत Wireless Setup Wizard किंवा तशाच नावाचा पर्याय असतो. तो आसपासची वाय-फाय नावं दाखवतो, आपलं नाव निवडायचं आणि पासवर्ड टाकायचा. बाणांच्या बटणांनी एकेक अक्षर टाकताना जीव जातो, पण हे एकदाच करायचं असतं.

पडदा नसेल, नुसते दिवे असतील, तर डब्ल्यूपीएस बटण वापरा. राउटरच्या मागे किंवा बाजूला WPS लिहिलेलं बटण असतं. प्रिंटरवर वाय-फायचं चिन्ह असलेलं बटण काही सेकंद दाबून धरायचं, दिवा लुकलुकायला लागला की दोन मिनिटांच्या आत राउटरचं बटण दाबायचं. दोघं आपसात बोलतात आणि पासवर्ड टाकावा लागत नाही. दिवा स्थिर झाला म्हणजे जोडणी झाली. प्रिंटरचं नेमकं कोणतं बटण किती वेळ दाबायचं हे मॉडेलनुसार बदलतं, तेवढ्यापुरतं खोक्यातलं पत्रक वाचा.

डब्ल्यूपीएसने जमलं नाही तर कारणं बहुतेक दोनच असतात. राउटरमध्ये ते बंद करून ठेवलेलं असतं, किंवा राउटरची सुरक्षा फक्त डब्ल्यूपीए३ वर असते, आणि डब्ल्यूपीए३ मध्ये डब्ल्यूपीएस चालतच नाही. राउटरच्या पानावर जाऊन सुरक्षा WPA2/WPA3 अशी मिश्र ठेवली की जुने प्रिंटरही आत येतात.

पुढची अडचण फायबरच्या राउटरांची. त्यांच्यात एकाच घरात दोन नावं दिसतात, एक साधं आणि एक शेवटी _5G लावलेलं. घरगुती प्रिंटर बहुतेक करून २.४ गिगाहर्ट्झवरच चालतात, त्यांना ते दुसरं नाव दिसतही नाही. प्रिंटर साध्या नावावर जोडा. फोन खुशाल _5G वर राहू दे, एकाच राउटरची दोन नावं म्हणजे एकाच घराची दोन दारं, आत गेल्यावर हॉल एकच. ‘दोघं एकाच नावावर पाहिजेत’ असं जे सांगतात ते अर्धवट खरं आहे. नाव एक असण्यापेक्षा राउटर एक असणं महत्त्वाचं, आणि याच्यावरूनच पुढे डोंबिवलीत आमची फजिती झाली.

पाहुण्यांसाठी वेगळं गेस्ट नेटवर्क काढलं असेल तर तिथे ना प्रिंटर जोडा ना फोन. त्या नेटवर्कवर एक यंत्र दुसऱ्याला दिसू नये अशीच रचना असते.

## अँड्रॉइडवरून पहिलं पान

छपाईची सेवा चालू आहे का ते एकदा बघून घ्या. Settings मध्ये Connected devices, त्यात Connection preferences, त्यात Printing. सॅमसंगच्या फोनवर Connections मधल्या More connection settings मध्ये हे सापडतं. प्रत्येक कंपनीने ते वेगळ्या कपाटात ठेवलंय, म्हणून शोधत बसू नका, Settings च्या वरच्या शोधपेटीत printing टाइप करा. Default Print Service उघडा, वरचं बटण चालू करा. खाली शोध सुरू होतो आणि सगळं ठीक असेल तर काही सेकंदांत तुमच्या प्रिंटरचं नाव यादीत येतं. ते नाव इथे दिसलं की अर्धी लढाई संपली.

आता एखादं साधं पान छापून बघा. क्रोममध्ये कुठलंही पान उघडा, उजवीकडचे तीन ठिपके, Share, आणि खालून वर आलेल्या पट्टीत Print. जीमेलमध्ये मेलच्या शेजारच्या तीन ठिपक्यांत Print असतं. ड्राइव्हच्या पीडीएफ दर्शकातही तीन ठिपक्यांतच. व्हॉट्सॲपवर आलेली पीडीएफ उघडली की ती फोनच्या पीडीएफ दर्शकात उघडते, तिथून हाच रस्ता.

छपाईचा पडदा उघडल्यावर नवखा माणूस हमखास फसतो ती जागा म्हणजे वरची पट्टी. तिथे प्रिंटरचं नाव नसून बहुतेक वेळा Save as PDF लिहिलेलं असतं. ते न बघता लोक बटण दाबतात, फोन ‘कुठे साठवू’ विचारतो, आणि ‘प्रिंटच निघत नाही’ अशी तक्रार सुरू होते. त्या पट्टीवर टिचकी मारा, यादीतून प्रिंटर निवडा, नसेल तर All printers मध्ये बघा. एकदा निवडला की पुढच्या वेळी बहुधा तोच समोर येतो. काही फोनवर पहिल्यांदा एक इशाराही येतो, की तुमचा कागद वाटेत एखाद्या सर्व्हरवरून जाऊ शकतो. तो सरसकट सगळ्या छपाई सेवांसाठी लिहिलेला मजकूर आहे. Default Print Service घरातल्या घरात, फोनकडून राउटरमार्गे प्रिंटरकडे पान पाठवते. इंटरनेट बंद असलं आणि राउटर चालू असला तरी ही छपाई होते, हवं तर करून बघा.

पट्टीखालचा छोटा बाण ओढला की प्रती, कागदाचा आकार, रंगीत की काळं-पांढरं, आडवं-उभं आणि कोणती पानं हे सगळं उघडतं. मग कोपऱ्यातलं प्रिंटरचं गोल बटण.

## आयफोनवरून

इथे सेटिंग नावाचा प्रकारच नाही. सफारी असो, फोटो असो की फाइल्स, चौकोनातून वर जाणाऱ्या बाणाचं शेअर बटण दाबायचं, यादीत खाली जाऊन Print. मेलमध्ये उत्तर देण्याचा जो वाकडा बाण असतो त्याच्यात Print लपलेलं आहे, का ते विचारू नका. मग Printer वर टिचकी, नाव निवडा, वर Print.

काम चाललं असताना ते थांबवायचं असेल तर उघडी ॲप्स बदलण्याचा पडदा काढा. छपाई चालू असेपर्यंत तिथे Print Center नावाचं एक ‘ॲप’ दिसतं, त्यात Cancel Printing आहे. छपाई संपली की ते अदृश्य होतं. चाळीस पानं चुकून पाठवल्यावर ते शोधत बसण्यापेक्षा आत्ताच ठाऊक असलेलं बरं.

## प्रिंटर यादीत दिसतच नाही

सगळ्यात जास्त वेळ इथे जातो, म्हणून जरा नीट बसून सांगतो.

माझी आत्या डोंबिवलीत राहते आणि त्यांच्या सोसायटीची सचिव आहे. वार्षिक सर्वसाधारण सभेची नोटीस चौदा बिऱ्हाडांना द्यायची होती. नोटीस मराठीत, फोनवर टाइप केलेली, पीडीएफ केलेली. प्रिंटर नवा, एअरप्रिंट आणि मोप्रिया दोन्ही लिहिलेला. संध्याकाळी तिचा फोन आला.

“अरे, तू म्हणालास ॲप लागत नाही. इथे नुसतं गोल गोल फिरतंय, प्रिंटरचं नाव काही येत नाही.”

“आत्या, प्रिंटरचा वाय-फायचा दिवा लुकलुकतोय की स्थिर आहे?”

“स्थिर आहे. निळा.”

म्हणजे प्रिंटर कुठल्यातरी वाय-फायवर पोचला होता. प्रश्न एवढाच, की फोन ज्याच्यावर आहे त्याच्यावर का? हे तपासायला अंदाज नको, दोन आकडे पुरतात. दोघांचा आयपी पत्ता. अँड्रॉइडवर Settings मधल्या वाय-फायच्या नावाशेजारचं चाक दाबलं की खाली IP address दिसतो. आयफोनवर वाय-फायच्या नावाशेजारचा गोलातला i. प्रिंटरला पडदा असेल तर नेटवर्कच्या मेनूत, नसेल तर त्याचं माहितीचं पान छापून घ्यायचं. हे पान प्रिंटर कुणाच्याही मदतीशिवाय, स्वतःच्या बटणावरून काढतो. कसं, ते पत्रकात असतं.

आत्याने वाचून दाखवलं:

```
फोन:     192.168.0.104
प्रिंटर: 192.168.1.7
```

पहिले तीन आकडे जुळायला हवे होते. घरगुती राउटरवर ते जुळले म्हणजे एक घर, शेवटचा आकडा म्हणजे खोलीचा नंबर. इथे तिसऱ्या जागी एकाचा ० आणि दुसऱ्याचा १. दोन घरं झाली. मग आठवलं, हॉलमध्ये फायबरवाल्याने लावलेला राउटर आहे आणि आतल्या बेडरूममध्ये सिग्नल येत नाही म्हणून आतेभावाने गेल्या वर्षी दुसरा राउटर विकत आणून पहिल्याला केबलने जोडला होता. तो राउटर म्हणूनच चालत होता, म्हणजे त्याने आपलं वेगळं घर मांडलं होतं. प्रिंटर हॉलच्या राउटरवर, फोन आतल्या.

प्रिंटर सापडतो कसा हे कळलं की हे कोडं सुटतं. फोन ‘इथे कुणी प्रिंटर आहे का हो’ अशी हाक मारतो. ही हाक एमडीएनएस नावाच्या पद्धतीने जाते आणि ती घराच्या उंबऱ्यापर्यंतच ऐकू जाते, राउटर ती पलीकडे जाऊ देत नाही. बेडरूमच्या राउटरच्या आत मारलेली हाक हॉलमधल्या प्रिंटरला कशी ऐकू येणार? गेस्ट नेटवर्कवरही हेच होतं. राउटरमध्ये AP Isolation किंवा Client Isolation चालू असेल तर एकाच घरातही हाक अडवली जाते.

पण हाक पोचत नाही म्हणजे वाटच बंद आहे असं नाही. हे तपासायची युक्ती मला सगळ्यात आवडते. फोनच्या ब्राउझरमध्ये प्रिंटरचा पत्ता टाकायचा:

```
http://192.168.1.7
```

प्रिंटरच्या पोटात एक छोटं संकेतस्थळ असतं, ते उघडलं तर वाट मोकळी आहे, फक्त शोध फसतोय. ‘सुरक्षित नाही’ असा इशारा आला तर घाबरू नका, घरातल्या यंत्राला बाहेरचं प्रमाणपत्र नसतं म्हणून तो येतो. पान उघडलंच नाही तर वाटच बंद आहे. मग आधी नेटवर्क सुधारा, फोनच्या सेटिंगमध्ये चाचपडून काही हाती लागणार नाही.

आत्याच्या फोनवर पान उघडलं. बरोबरच होतं: आतला राउटर आतून बाहेर जाऊ देतो, हॉलचं घर त्याच्या दृष्टीने ‘बाहेर’ आहे. उलट असतं, म्हणजे फोन हॉलच्या राउटरवर आणि प्रिंटर आतल्यावर, तर पान उघडलं नसतं.

वाट मोकळी असेल तर अँड्रॉइडवर हाक मारायची गरजच नाही, पत्ता सांगून टाका. Default Print Service च्या पडद्यावर तीन ठिपके, Add printer, आणि त्यात Add printer by IP address. तिथे `192.168.1.7` टाकलं, प्रिंटर यादीत आला, नोटीस निघाली.

काम झालं असं मला वाटलं. तेवढ्यात आतेभाऊ कामावरून आला. त्याचा आयफोन. No AirPrint Printers Found. आयफोनवर असा पत्ता हाताने टाकायची सोय छपाईच्या पडद्यावर नसते, तो फक्त हाकेवर चालतो. शेवटी जे पहिल्यांदाच करायला हवं होतं ते केलं: प्रिंटरला हॉलच्या वाय-फायवरून काढून बेडरूमच्या राउटरवर जोडलं. त्याचा पत्ता 192.168.0.110 झाला, आणि दोन्ही फोनांना तो आपोआप दिसू लागला. दुसरा उपाय आतल्या राउटरला Access Point या प्रकारावर टाकण्याचा होता, म्हणजे तो वेगळं घर न मांडता हॉलच्याच घराची खोली होतो. तो जास्त चांगला. पण रात्री साडेनऊला, मालिका चालू असताना, घरातलं इंटरनेट पंधरा मिनिटं बंद करायला कुणी मला परवानगी दिली नाही.

पत्ता टाकून जोडलेल्या प्रिंटरची एक खोड लक्षात ठेवा. राउटर पत्ते वाटतो ते उसने असतात. वीज गेली, राउटर बंद पडून परत चालू झाला, की उद्या .7 ऐवजी .12 मिळू शकतो आणि कालचा प्रिंटर ‘ऑफलाइन’ होतो. राउटरच्या पानावर DHCP खाली Address Reservation असा पर्याय असतो, तिथे प्रिंटरला एक पत्ता कायमचा लावून द्या.

विजेवरून आठवलं. वीज परत आल्यावर प्रिंटर लगेच जागा होतो आणि वाय-फाय शोधतो. फायबरचा राउटर मात्र सावकाश उठतो. काही प्रिंटर थोडा वेळ शोधून नाद सोडून देतात आणि दिवा लुकलुकत राहतो. अशा वेळी राउटर पूर्ण चालू झाल्यावर प्रिंटर एकदा बंद करून परत चालू करा. पासवर्ड पुन्हा टाकायची, सगळं पुसून नव्याने बसवायची गरज नसते. लोक तेच आधी करतात.

फोनच्या बाजूने एकच गोष्ट बघा: व्हीपीएन. ऑफिसचं किंवा दुसरं कुठलं व्हीपीएन चालू असेल तर फोनची हाक घरात न जाता थेट त्या बोगद्यात जाऊ शकते. ते बंद करून पुन्हा शोधा. आणि हो, फोन खरंच वाय-फायवर आहे ना, मोबाइल डेटावर नाही ना, हेही. हसू नका, मी स्वतः एकदा वीस मिनिटं घालवली आहेत.

## दिसतो, पण नीट छापत नाही

आत्याच्या नोटिशीची दुसरी प्रत पाठवली आणि प्रिंटर नारिंगी दिवा दाखवून थांबला. कागद अडकलेला नाही, शाई भरपूर. कारण कागदाच्या आकाराचं होतं. तिच्या फोनची भाषा अमेरिकी इंग्रजी ठेवलेली, त्यामुळे छपाईच्या पडद्यावर कागद Letter निवडलेला येत होता. लेटर म्हणजे २१६ गुणिले २७९ मिलिमीटर, आपला ए४ म्हणजे २१० गुणिले २९७. प्रिंटरला सांगितलं लेटर, त्याच्या ट्रेमध्ये ए४, म्हणून तो ‘योग्य कागद घाला’ म्हणून वाट बघत राहिला. काही प्रिंटर तक्रार न करता छापतात, मग खाली मोकळी पट्टी राहते आणि बाजूचा मजकूर कापला जातो. पहिली प्रत कशी निघाली? त्या वेळी मीच फोनवरून तिला तो बाण ओढून A4 निवडायला लावलं होतं. दुसऱ्यांदा ती विसरली. फोनची भाषा English (India) केली आणि कटकट मिटली.

दुसरी नेहमीची तक्रार फोटोची. मार्कशीटचा किंवा आधार कार्डाचा फोटो काढला, गॅलरीतून थेट छापला, की कडा कापल्या जातात. प्रिंटर बिघडलेला नसतो. फोटो म्हणून पाठवलेलं चित्र कागदभर पसरवायचं, असं छपाईचा पडदा धरून चालतो. फोटोचं आणि कागदाचं प्रमाण वेगळं, म्हणून जास्तीचा भाग कडेने जातो. कागदपत्र असेल तर फोटो काढूच नका, स्कॅन करून पीडीएफ करा. अँड्रॉइडच्या ड्राइव्हमध्ये स्कॅनचं बटण आहे, आयफोनच्या फाइल्समध्ये तीन ठिपक्यांत Scan Documents आहे. दोन्ही फोनबरोबर आलेलीच, म्हणजे आपला नियम मोडत नाही. त्या पीडीएफची छपाई पूर्ण पानावर, कडांसकट येते.

मराठीचं काय, जोडाक्षरं फुटणार नाहीत ना? ही शंका संगणकाच्या जुन्या फाँटांनी आपल्या मनात पेरून ठेवलीय. इथे तो प्रश्न येत नाही. फोन पान आधी स्वतःच तयार करतो आणि प्रिंटरकडे तयार पान किंवा त्याचं चित्रच पाठवतो, प्रिंटरला देवनागरी येत असण्याची गरज नाही. छपाईआधीच्या नमुन्यात ‘सर्वसाधारण’ नीट दिसतंय तर कागदावरही नीटच येईल. नमुन्यातच फुटलं असेल तर दोष त्या फाइलचा. चित्रं जास्त असलेली मोठी पीडीएफ मात्र याच कारणाने सावकाश निघते. साठ पानं एकदम पाठवून वाट बघण्यापेक्षा पानांच्या रकान्यात 1-10, 11-20 असे तुकडे पाडा.

शाई किती उरली, हेड साफ करायचं, स्कॅन घ्यायचं, ही कामं फोनच्या छपाईच्या पडद्यात नाहीत. त्यातली काही प्रिंटरच्या पोटातल्या त्या पानावर सापडतात, काहींना खरंच कंपनीचं ॲप लागतं. आणि ऑफिसमधून घरच्या प्रिंटरवर छापायचं असेल तर या पद्धतीने ते होत नाही, फोन घरात असायला हवा. गूगलची क्लाउड प्रिंट ही सेवा त्यासाठीच होती, ती ३१ डिसेंबर २०२० ला बंद झाली.

## राउटरच नसेल तेव्हा

गावी घरी वाय-फाय नाही, दुकानात प्रिंटर एकटाच ठेवलाय, असं असलं तरी चालतं. बऱ्याच प्रिंटरांमध्ये वाय-फाय डायरेक्ट असतं, म्हणजे प्रिंटर स्वतःच एक छोटं वाय-फाय पसरतो. फोनच्या वाय-फाय यादीत DIRECT- ने सुरू होणारं नाव दिसलं तर ते तेच. पासवर्ड प्रिंटरच्या माहितीच्या पानावर छापलेला असतो किंवा त्याच्या पडद्यावर दिसतो.

छापायची फाइल आधीच फोनमध्ये उतरवून घ्या, कारण या वाय-फायला इंटरनेट नाही. जोडल्यावर फोन ‘इंटरनेट नाही, तरी राहू का’ विचारतो, त्याला हो म्हणा. नाहीतर तो आपला आपण मोबाइल डेटाकडे वळतो आणि प्रिंटर हातातून जातो. पुढे सगळं आधीसारखंच, Print आणि प्रिंटरचं नाव. अँड्रॉइडच्या Default Print Service ला काही वेळा वाय-फाय डायरेक्टचा प्रिंटर न जोडताच यादीत दिसतो. तो निवडला तर प्रिंटरवर एक दिवा लुकलुकतो किंवा पडद्यावर प्रश्न येतो, तिथे जाऊन होकार द्यायचा असतो. तो न दिल्यामुळे काम ‘वाट बघत’ अडकलेलं मी कितीदा पाहिलंय.

छापून झालं की फोनच्या वाय-फाय यादीत जाऊन ते DIRECT- नाव Forget करा. नाहीतर पुढच्या वेळी दुकानात शिरलात की फोन मुकाट्याने प्रिंटरला चिकटतो आणि यूपीआयचं पेमेंट का अडकलंय हे कुणालाच कळत नाही.